साडेचाळीस की चाळीस इंच?

‘तीन ब्लाउज आणि दोन साड्यांचे फॉल-पिको मिळून १४९० रुपये होतील,’ हे वाक्य मी एका दुपारी घरच्या सोफ्यावर बसून, चहा गार व्हायच्या आत लिहून पाठवले. त्या कामाचा खरा हिशेब २११० रुपयांचा निघाला. बेरीज चुकलेली नव्हती. बँकेत छत्तीस वर्षे काढलेल्या बाईची बेरीज सहसा चुकत नाही, आणि तरीही सवयीने मी ती दोनदा तपासली होती. चुकले ते बेरजेच्या आधीचे काम. दोन फोटोंमधून आकडे उचलताना, एक फोटो कधीचा आहे हे मी विचारले नाही आणि दुसऱ्या फोटोतल्या दोन उभ्या रेघा कशाच्या आहेत हे पाहिले नाही.

माझ्या थोरल्या नणंदेचे ठाण्यात चरईत लेडीज टेलरिंगचे दुकान आहे. दुकान म्हणजे एक गाळा: तीन मशीन, कापणीचे टेबल, एक आरसा आणि आरशाशेजारी खिळ्याला टांगलेले लॅमिनेट केलेले दरपत्रक. कापणी मास्टर करतात, शिलाई दोन कारागीर नगावर करतात, आणि हुक, काज, तुरपाई एवढे काम शेजारच्या चाळीतल्या एक बाई घरी नेऊन करतात. वन्संना मशीनवरून उठून मोबाइलवर टाइप करण्याचा मनस्वी कंटाळा आहे. मी निवृत्त झाल्याच्या दुसऱ्याच महिन्यात त्यांनी दुकानाचा मोबाइल माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, “हिशेबाचं तू बघ गं. बायका सारख्या विचारतात किती होतील, किती होतील. मी पायडल मारू की उत्तरं देऊ?”

ज्या बाईंचा हा हिशेब, त्या घोडबंदर रोडला राहतात. तिथून चरईत यायचे म्हणजे वाहतुकीच्या कोंडीत अर्धा दिवस घालवायचा, म्हणून त्यांनी आधी घरबसल्या अंदाज मागितला. ते रास्तच होते. त्यांच्या भाचीचे लग्न तुळशीच्या लग्नानंतर लगेचच होते. निरोपात त्यांनी लिहिले होते की एक पैठणीचे ब्लाउज प्रिन्सेस कटचे, मागे डोरी-लटकन लावून. एक खणाचे, नेहमीसारखे अस्तर लावून. आणि एक रोजच्या वापराचे सुती, बिनअस्तराचे. शिवाय दोन साड्यांना फॉल-पिको. निरोपाखाली दोन फोटो होते. एक आमच्याच दरपत्रकाचा आणि दुसरा मापाच्या चिठ्ठीचा. ‘काकू, दर माझ्याकडे आहेत, माप पण आहे, फक्त टोटल सांगा,’ असे त्यांनी शेवटी लिहिले होते. ‘फक्त टोटल’ हे शब्द वाचून मी खरोखरच फक्त टोटल सांगितली.

आधी दरपत्रकाचे सांगते. भिंतीवरच्या कागदाचा फोटो लोक जाता जाता काढतात, उभ्या उभ्या, थोडा तिरका, वर ट्यूबलाइटची पांढरी पट्टी पडलेला. या फोटोतले आकडे तसे नीट दिसत होते: साधे ब्लाउज २५०, अस्तर ब्लाउज ४५०, प्रिन्सेस कट ५५०, फॉल-पिको १२०. तीन ब्लाउजचे १२५०, दोन फॉल-पिकोचे २४०, एकूण १४९०. मी घरी होते, दुकानातला कागद समोर नव्हता, आणि दर पाठ असण्याइतकी मी त्या कामात मुरलेली नव्हते. समोर फोटो आहे, तोही आमच्याच भिंतीचा, मग अजून कशाला विचारायचे, असे मला वाटले. पण त्या बाई श्रावणात आपल्या बहिणीबरोबर मंगळागौरीच्या ब्लाउजसाठी आल्या होत्या आणि फोटो तेव्हाचा होता. दसऱ्याला कारागिरांचा नगाचा भाव वाढला, तेव्हा वन्संनी लॅमिनेशनवरच काळ्या मार्करने जुने आकडे खोडून प्रत्येक ब्लाउजला ५० आणि फॉल-पिकोला ३० रुपये वाढवले होते. म्हणजे भिंतीवरचा कागद तोच, खिळा तोच, पण फोटोतले दर तीन महिने मागचे. मोबाइलवर आलेल्या फोटोवर तो पाठवल्याची वेळ दिसते, काढल्याची नाही. सकाळी सव्वाअकराला आलेला फोटो मला सकाळी सव्वाअकराचाच वाटला.

दुसरी गोष्ट म्हणजे फोटोला तळ नव्हता. आमच्या दरपत्रकाच्या खाली, बारीक अक्षरात, तीन ओळी आहेत: अस्तराचे कापड, लेस, लटकन यांचे पैसे वेगळे, छाती ४० च्या वर असल्यास प्रत्येक ब्लाउजला ५० रुपये ज्यादा, तातडीच्या कामाला ज्यादा. दर मोठ्या अक्षरात आणि अटी बारीक अक्षरात, ही सगळ्याच दरपत्रकांची रीत, आणि फोटो काढणारा माणूस मोठ्या अक्षरांपुरतीच चौकट धरतो. यात त्या बाईंचा काही दोष मी मानत नाही. त्यांना त्या ओळी दिसल्याच नव्हत्या. मला मात्र त्या ठाऊक होत्या आणि तरीही आठवल्या नाहीत, कारण डोळ्यांसमोर असलेल्या कागदात नसलेली गोष्ट आठवायला वेगळा प्रयत्न लागतो. ‘प्रिन्सेस कट ५५०’ यात अस्तराचे कापड धरलेले आहे की नाही, हे त्या ओळीत कुठेच लिहिलेले नाही. शिलाईचा दर आणि तयार ब्लाउजला पडणारा पैसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवणाऱ्याला हा फरक इतका उघड असतो की तो सांगायचा राहून जातो.

आता चिठ्ठीचे. ती दोन वर्षांपूर्वीची, डोंबिवलीच्या कुणा जुन्या मास्टरांच्या हातची होती. बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या बाजूला निळ्या पेनने लिहिलेली आणि बरीच वर्षे पर्समध्ये घडी घालून ठेवावी तशी चारी बाजूंनी मऊ झालेली. त्यावर एकाखाली एक असे होते: उंची १४॥, छाती ४०॥, कंबर ३४, शोल्डर १४॥, मुंढा १७॥, बाही १०, दंडघेर १२।, पुढचा गळा ७, मागचा गळा ९॥. मी ते आता असे सरळ लिहू शकते. त्या दुपारी मात्र मला छातीपुढे ४० आणि त्यानंतर इंचाची खूण दिसली. इंच लिहिताना आपण आकड्याच्या डोक्यावर दोन बारीक रेघा मारतो, त्या या, असे समजून मी ‘छाती चाळीस इंच’ असे मनात वाचले आणि पुढे गेले. चाळीस म्हणजे चाळीसच्या वर नाही, म्हणून ज्यादा दराचा प्रश्नच उद्भवला नाही.

शनिवारी त्या बाई कापड घेऊन आल्या, तेव्हा वन्संनी चिठ्ठी हातात घेतली आणि मास्टरांना मोठ्याने वाचून दाखवू लागल्या: “उंची साडेचौदा, छाती साडेचाळीस, कंबर चौतीस…” मी तिथेच खुर्चीवर बसले होते. साडेचाळीस हा शब्द ऐकल्यावर मला आधी आमच्या घरातली जुनी पुस्तके आठवली, ज्यांच्या मुखपृष्ठावर किंमत १॥ रुपया अशी छापलेली असे. एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण, हे मी लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून शिकले होते आणि छत्तीस वर्षे दशांश चिन्हाबरोबर राहून विसरले होते. जुन्या मास्टरांच्या हातात मात्र ही खूण अजून जिवंत आहे. त्याचे कारणही सरळ आहे: टेपवरचा इंच पाव, अर्धा, पाऊण असाच मोजला जातो, आणि डाव्या हाताने टेप धरून उजव्या हाताने लिहिताना दोन रेघा मारणे अंशाखाली छेद लिहिण्यापेक्षा लवकर होते.

ही खूण इंचाची की अर्ध्याची, हे ओळखायला फार विद्या लागत नाही. फक्त एकच आकडा न पाहता सगळी चिठ्ठी पाहावी लागते. त्या रेघा इंचाच्या असत्या तर सगळ्याच आकड्यांपुढे असत्या. इथे कंबर ३४ आणि बाही १० या आकड्यांपुढे काहीच नव्हते, आणि दंडघेरापुढे तर एकच रेघ होती. इंचाची खूण एका रेघेची नसते. शिवाय इंचाच्या रेघा आकड्याच्या खांद्याशी वर राहतात, अर्ध्याच्या रेघा आकड्याइतक्याच उंच, ओळीवर पाय टेकून उभ्या असतात. फोटो लहान करून पाठवला गेला की हा उंचीतला फरक पुसट होतो आणि १२। हा आकडा एखाद्याला १२१ असाही दिसू शकतो. म्हणून मी आता चिठ्ठीचा फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगते. तसा पाठवला की तो मोबाइल बारीक करत नाही, आणि दोन बोटांनी मोठा करून रेघेचा पाय बघता येतो.

आकड्यांच्या बाबतीत आमच्या दुकानात आणखी एक जुने दुखणे आहे, ते इथे ओघात सांगते. वन्सं मराठी आकडे काढतात, धाकटा कारागीर इंग्रजी काढतो, आणि घाईत काढलेला मराठी चार हा इंग्रजी आठसारखाच दिसतो. एकदा त्याने १४ उंचीचा अर्थ अठरा असा घेतला होता. मास्टरांनी कापणीच्या आधीच पकडले, कारण अठरा इंच उंचीचे ब्लाउज म्हणजे कमरेच्या खाली उतरणारे झंपर झाले असते. मास्टर म्हणतात की आकडा वाचता येत नसेल तर बाकीच्या आकड्यांना विचारावे. ब्लाउजची उंची साधारण तेरापासून साडेपंधरापर्यंत खेळते, चाळीसच्या छातीला शोल्डर साडेचौदाच्या आसपास येतो. त्याच्या फार बाहेरचे काही दिसले तर आकडा चुकीचा वाचला गेला आहे असे समजावे. ही युक्ती चार आणि आठ यांना लागू पडते. चाळीस आणि साडेचाळीस यांना पडत नाही, कारण दोन्ही मापे खऱ्या माणसांचीच असू शकतात.

तर त्या शनिवारी बाईंनी भिंतीवरचे दर पाहिले, मग मोबाइल काढून माझा निरोप वन्संच्या पुढे धरला. आवाज चढवला नाही, पण “तुम्ही १४९० लिहिलंय ना?” एवढेच म्हणाल्या. वन्संनी तो वाचला, माझ्याकडे एकदा पाहिले आणि म्हणाल्या, “लिहून दिलंय ना? मग तेवढेच घ्यायचे.” मी नंतर फरकाचे ६२० रुपये माझ्या पैशातून भरते म्हटले, तर त्यांनी ते धुडकावून लावले. कारागिरांना मात्र नगाचा वाढलेला भावच मिळाला, अस्तराच्या कापडाचे १८० आणि लटकनाचे ८० दुकानाच्या गल्ल्यातून गेले, आणि त्या तीन ब्लाउजमध्ये वन्संच्या हाताशी काय उरले असेल हे मी मुद्दाम मोजले नाही.

आणि एवढ्यावर भागले नाही. सोमवारी मास्टरांनी खणाचे कापड टेबलावर पसरले आणि म्हणाले की बाहीला जोड द्यावा लागेल. मी विचारले, का? तेव्हा वन्संनी मला टेबलाशी बोलावून जे दाखवले, त्यामुळे दरपत्रकातली ‘४० च्या वर ज्यादा’ ही ओळ मला पहिल्यांदा कळली. तोपर्यंत मीही ती ओळ, बहुतेक बायका समजतात तशीच, अंगाच्या मापावर बसवलेल्या दंडासारखी समजत होते.

साडीबरोबर येणारा ब्लाउज पीस साधारण ८० सेंटिमीटरचा असतो, म्हणजे साडेएकतीस इंच, आणि त्याचा पन्हा ४४ इंचांचा धरू. समोरचे आणि पाठीचे भाग शेजारी शेजारी एका ओळीत मांडायचे, बाह्या त्यांच्या खाली. छाती छत्तीस असेल तर छत्तीस, त्यात अंगाला ढिलाई म्हणून दोन, आणि बाजूच्या शिलाया व हुक-पट्टीची दुमड मिळून चार, झाले बेचाळीस. चव्वेचाळीसच्या पन्ह्यात ते आरामात बसते. उभ्या बाजूला साडेचौदा उंची आणि दीड इंच दुमड मिळून सोळा, त्याखाली दहाची बाही आणि दीड दुमड मिळून साडेअकरा, म्हणजे साडेसत्तावीस. साडेएकतीसमधून उरलेल्या चार इंचांत गळ्याच्या पट्ट्या निघतात. आता छाती चाळीस करा. आडवा हिशेब सेहेचाळीसवर जातो, पन्हा मात्र चव्वेचाळीसच. मास्टर मुंढ्याच्या खोलगट भागात एक तुकडा दुसऱ्याच्या कुशीत सरकवून दोन इंच काढतात आणि कसेबसे निभावतात. साडेचाळीसला ते निभावत नाही. मग एक भाग खालच्या ओळीत उतरवावा लागतो, त्याने बाहीची जागा खाल्ली जाते, आणि काखेखाली, जिथे दिसणार नाही तिथे, जोड येतो. हे सगळे ढोबळ आहे. प्रिन्सेस कटच्या तुकड्यांची मांडणी वेगळी, काठ बाहीवर हवा असेल तर आणखी वेगळी. पण चाळीस हा आकडा कुठून आला ते एवढ्यात कळते: तो आकडा पन्ह्याचा आहे, बाईच्या अंगाचा नाही. ज्यादा पैसे लागतात ते मांडणीत जाणाऱ्या वेळेचे आणि जोडाच्या शिलाईचे. खणाचा पन्हा तर साडीच्या पन्ह्यापेक्षाही लहान असतो, त्यामुळे त्या बाईंच्या खणाला अधिक कापड लागणार हे चिठ्ठी वाचूनच सांगता आले असते, त्या दुकानात पोचायच्या आधी, जेव्हा त्यांना खण बदलून किंवा वाढवून घेता आला असता.

इथे वन्संचे आणि माझे एक भांडण आहे, ते अजून मिटलेले नाही. गिऱ्हाइकाने सुती कापड मीटरने आणले असेल आणि ते भरपूर असेल, तर मांडणीची काही अडचण नाही. मग त्याला ५० ज्यादा का? वन्सं म्हणतात की प्रत्येक बाईला वेगळा नियम सांगत बसले तर भिंतीवर कागद लावायचा कशाला. माझे म्हणणे की जो दर कापडामुळे आहे तो कापड पाहूनच लावावा. तूर्तास दर वन्संचा चालतो, कारण दुकान त्यांचे आहे.

चिठ्ठीबद्दल एक प्रश्न मात्र वन्संनी विचारला, जो मला कधीच सुचला नसता: “हे माप अंगावरचं आहे, का ब्लाउजवरचं?” काही मास्टर अंगावर टेप लावून जे येते ते लिहितात आणि ढिलाई कापताना धरतात, काही जण बाईने आणलेले मापाचे ब्लाउज टेबलावर पसरून त्याचे तयार माप लिहितात, ज्यात ढिलाई आधीच आलेली असते. दोन्ही चिठ्ठ्या दिसायला सारख्याच. साडेचाळीस हे तयार ब्लाउजचे माप असेल तर अंगाचे माप एकोणचाळीसच्या घरात असू शकते, आणि मग ज्यादाही लागत नाही आणि जोडही. त्या बाई म्हणाल्या, मास्टरांनी अंगावरूनच घेतले होते, आणि वन्संनी टेप लावून खात्री केली. दोन वर्षांत फारसा फरक पडला नव्हता. पण समोर बाई नसताना, फक्त फोटो असताना, हे विचारल्याशिवाय कळण्याचा मार्ग नाही.

त्या रात्री मी तोच अंदाज वहीत नव्याने लिहून पाहिला, तो पाठवायला हवा होता तसा. बँकेत आम्ही पत्राचा मसुदा करत असू, त्याच सवयीने. खोडाखोड करून शेवटी जे उरले ते असे:

“नमस्कार. तीन ब्लाउज व दोन फॉल-पिको यांचे, छाती चाळीसपर्यंत असल्यास १९६०, चाळीसच्या वर असल्यास २११० रुपये होतील. तुम्ही पाठवलेल्या फोटोतले दर जुने आहेत. हा हिशेब दुकानातल्या आजच्या दरांनी केला आहे. पैठणी, प्रिन्सेस कट: शिलाई ६००, अस्तराचे कापड ९०, डोरी-लटकन ८०. खण, अस्तराचे: शिलाई ५००, अस्तराचे कापड ९०. सुती, बिनअस्तराचे: शिलाई ३००. फॉल-पिको, फॉल आमचा: दोन साड्यांचे ३००. चिठ्ठीवर मी छाती साडेचाळीस, उंची साडेचौदा, बाही दहा असे वाचले आहे. ते बरोबर आहे का, आणि माप अंगावरून घेतले होते की ब्लाउजवरून, ते कृपया कळवावे. चाळीसच्या वर कापडाची मांडणी बदलते, म्हणून प्रत्येक ब्लाउजला ५० ज्यादा लागतात. खणाचा पन्हा लहान असल्याने कापड पुरते का ते पाहावे लागेल. कमी पडल्यास काखेखाली जोड येईल. लटकन नको असल्यास ८० कमी होतील.”

या मसुद्यातला प्रत्येक निर्णय मला थोडा झगडून घ्यावा लागला. एकूण रक्कम मी आधी शेवटी लिहिली होती, जशी बिलात येते. पण मोबाइलवर निरोप आला की वर फक्त पहिली ओळ दिसते, आणि घाईतली बाई तेवढीच वाचते. म्हणून रक्कम वर आली, आणि तिची अट तिच्याच वाक्यात आली, म्हणजे दोघींची ताटातूट होणार नाही. ‘साधारण अठराशे ते बावीसशे’ असे लिहिण्याचा मोह होता. ते सुरक्षितही होते. पण तशा पल्ल्यातून वाचणारीला काहीच करता येत नाही. तिला वाटते की दुकानदार आपल्याकडे पाहून आकडा ठरवेल. दोन ठाम आकडे आणि त्यांच्यामध्ये एकच ‘जर’ असला, तर ती स्वतः टेप लावून आपला आकडा निवडू शकते.

मापे मी अंकांत न लिहिता अक्षरांत लिहिली, कारण अंकांनीच तर घात केला होता. ‘साडेचाळीस’ या शब्दाचा दुसरा अर्थ लागू शकत नाही. वाचणारीचा मेंदू तिथे क्षणभर अडतो आणि माप खरे की खोटे ते ठरवतो. चिठ्ठीवर नऊ आकडे होते, पण मी तीनच विचारले. गळा सातचा असो की आठचा, दर बदलत नाही. कंबर आणि दंडघेर हे मास्टरांचे काम, टेपने पुन्हा घेण्याचे. अंदाजाला लागतात ती फक्त पैसा किंवा कापड हलवणारी मापे: छाती, उंची आणि बाही. सगळे नऊ आकडे परत लिहून पाठवले असते तर त्यातला एक चुकलेला आकडा बाकी आठांच्या गर्दीत तसाच निसटला असता.

एका वाक्यावर मी बराच वेळ घालवला, ते म्हणजे ‘मांडणी बदलते, म्हणून’ हे. आधी मी दरपत्रकातलेच शब्द जसेच्या तसे उतरवले होते: छाती ४० च्या वर असल्यास ज्यादा. भिंतीवर ते चालते, कारण भिंत सगळ्यांशी बोलते. पण एका बाईला नाव घेऊन पाठवलेल्या निरोपात तेच शब्द तिच्या अंगाला बोट लावतात. कारण लिहिले की ते बोट कापडाकडे वळते, आणि ते खरेही आहे.

हा मसुदा मी दुसऱ्या दिवशी वन्संना वाचून दाखवला. त्यांनी मशीन न थांबवता ऐकला आणि म्हणाल्या, “छान आहे, पण एवढं लिहिण्यापेक्षा बाईला बोलव ना दुकानात.” मग थोड्या वेळाने, बॉबिन भरताना, “फोटोत तारीख नव्हती, हे खरं,” असेही म्हणाल्या. मी तेवढ्यात संधी साधून सुचवले की दरपत्रकावर तारीख लिहू या, वर कोपऱ्यात. वन्सं म्हणाल्या की कोपऱ्यात लिहिलेली फोटोत कापली जाईल. “मधोमध लिही, अस्तर आणि प्रिन्सेसच्या मध्ये. ब्लाउजच्या बाहीवर काठ आणतो तसं. कुणाला वगळताच येऊ नये.”

नवीन कागद छापून आला तेव्हा तसेच केले. अटींच्या तीन ओळीही वर घेतल्या, दरांइतक्याच मोठ्या अक्षरात. पंधरा दिवसांनी वागळे इस्टेटमधल्या एका मुलीचा निरोप आला, सोबत त्याच कागदाचा फोटो. तारीख अगदी स्पष्ट दिसत होती, अटीही. प्रिन्सेस कटच्या दरावर मात्र ट्यूबलाइटची पांढरी पट्टी बरोबर आडवी पडली होती.